दुसऱ्यांदा विचारताना

समजा, एका अनोळखी माणसाला तुम्ही काही प्रश्न विचारलेत आणि त्याचं उत्तर आलेलं नाही. त्याच्या घरात अंथरुणाला खिळलेलं कुणीतरी आहे. त्याची झोप पुरी होत नाही, पाठ भरून येते, डबा भरता भरता दूध उतू जातं. अशा माणसाला तुम्हाला पुन्हा एकदा विचारायचंय. तो तुमचं काहीही देणं लागत नाही. त्याने उत्तर दिलं तर हवंय, नाही दिलं तर त्याला वाईट वाटता कामा नये. मोबाइलच्या एका मेसेजात आपल्या लिपीतली जेमतेम सत्तर अक्षरं बसतात आणि काना, मात्रा, वेलांटी यांनाही मशीन वेगळं अक्षर धरतं. लिहा बघू.

बहुतेक जण सुरुवात करतात, ‘आपण अद्याप...’

आठवणताईंनीही तशीच केली होती.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण हॉस्पिटलात त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या जुन्या फिल्मा ठेवायची खोली रिकामी करून तिथे पाहणीचा विभाग बसवलेला. दोन टेबलं, एक फोन, एक पंखा; तो तीनवर ठेवला की कागद उडतात आणि दोनवर ठेवला की फिरत नाही. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. ताई रोज सकाळी जिना चढून आल्या की पाच मिनिटं कुणाशी बोलत नसत. खुर्चीत बसून चपला काढायच्या, पाय गार फरशीवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाला हे माहीत होतं. तो आकडेमोड करायचा म्हणून त्याला सगळे आकडेवाला म्हणायचे. ताईंनी डोळे उघडल्याशिवाय तो ‘ताई, चहा?’ असंही विचारत नसे.

ताईंची उमर आठवण करून देण्यात गेली होती. चोविसाव्या वर्षी त्या टायपिस्ट म्हणून लागल्या, मग क्षयाच्या गोळ्यांच्या विभागात गेल्या. तिथे त्यांचं काम एकच. ज्याने या आठवड्याच्या गोळ्या नेल्या नाहीत त्याला गाठायचं. आधी पत्र, मग फोन, मग थेट घरी. त्या उपचारात मधेच गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. म्हणून ताई माणसाच्या मानगुटीवर बसायच्या. एकदा एक रंगारी त्यांना चुकवायला माळ्यावर चढून बसला, तर ताईंनी खालीच स्टूल मांडलं आणि त्याच्या आईशी दोन तास गप्पा मारल्या. शेवटी तो उतरला, गोळ्या गिळल्या आणि म्हणाला, ‘बाई, तुमच्यापेक्षा जंतू बरे.’ तो रंगारी खडखडीत बरा झाला. पुढे लग्नाची पत्रिका घेऊन आला. ताई ही गोष्ट सांगताना अजून हसायच्या.

तिथलं त्यांचं वाक्य पक्कं ठरलेलं होतं. ‘आपण अद्याप या आठवड्याच्या गोळ्या नेलेल्या नाहीत. त्वरित पूर्तता करावी.’ हे वाक्य त्यांनी हजारदा टाइप केलं असेल. ते बोटांतच बसलं होतं.

मग गुडघे बोलायला लागले, घरोघर फिरणं झेपेना, आणि मोठ्या मॅडमनी त्यांना पाहणीत घेतलं. मोठ्या मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख डॉक्टर. उंचीने ताईंच्या खांद्याला लागायच्या, पण हॉस्पिटलात मोठ्या मॅडम त्याच.

या वर्षीची पाहणी मॅडमच्या जिव्हाळ्याची होती. हॉस्पिटलातून घरी सोडलेल्या, पण अंथरुणावरच असलेल्या रुग्णांकडे दोन नर्सेस आठवड्यातून एकदा जात. जखम पाहायची, नळी बदलायची, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं ते दाखवायचं. हा प्रयोग वर्षभरापुरता होता. आता व्यवस्थापनाने विचारलं होतं, की घरच्यांना हे सांभाळणं खरंच इतकं जड जातं का? जात असेल तर भेटी चालू ठेवू. नसेल तर दोघींना परत वॉर्डात घ्यायचं, तिथेही माणसं कमीच आहेत. प्रश्न रास्त होता, आणि उत्तर घरच्यांकडूनच यायला हवं होतं. म्हणून त्या सगळ्या घरी प्रश्नावली गेली होती. झोप किती मिळते, पाठ दुखते का, मदतीला कुणी आहे का, कधी रडू येतं का.

दर तिघांमागे एकाने उत्तर दिलं. बाकी गप्प.

‘निदान अर्ध्यांनी तरी द्यायला हवं,’ मॅडम म्हणाल्या. ‘तिघांत एक म्हणजे समोरचे म्हणणार, रिकामटेकड्यांनी भरलं असेल. ताई, आठवणीचा मेसेज जाऊ द्या. आणि जरा जोर लावा.’

आठवणीचा मजकूर आधीच ठरलेला होता. पाहणीत माणसांना त्रास होत नाही ना, हे बघणारी हॉस्पिटलची एक नीतिसमिती असते. तिने तो वाचून मंजूर केला होता. चांगला सविस्तर होता. सहभाग तुमच्या इच्छेवर आहे, उत्तर दिलं नाही तरी उपचारांत फरक पडणार नाही, सगळं होतं त्यात. पण पहिल्या वेळचा मेसेज असाच लांब होता, तेव्हा त्याचे तुकडे होऊन ते वाटेल त्या क्रमाने पोचले होते. एका आजोबांनी फोन करून विचारलं होतं, ‘अहो, तुमचा मेसेज शेपटीकडून आलाय. तोंड कधी पाठवताय?’

ते ताईंच्या डोक्यात होतं. त्यांनी ठरवलं, या वेळी आटोपशीर. मंजूर मजकूर समोर ठेवून त्या एकेक वाक्य गाळत गेल्या. ‘आपल्या इच्छेवर’ गेलं. ‘उपचारांत फरक’ गेलं. ते पहिल्या मेसेजात सांगून झालंय की. उरलं ते बोटांतलं वाक्य.

‘आपण अद्याप पाहणीचे उत्तर दिलेले नाही. त्वरित पूर्तता करावी.’

खाली प्रश्नावली उघडणारा ज्याचा त्याचा दुवा. आकडेवाल्याने यादीतून उत्तर दिलेल्यांना वगळलं, उरलेल्यांना मेसेज सोडला. तो गेला हॉस्पिटलच्या नेहमीच्या नंबरावरून, म्हणजे ज्या नंबरावरून तपासणीच्या तारखा जातात त्याच.

दोन दिवसांत उत्तरांचा पाऊस. अर्ध्याच्या वर गेलं. मॅडम स्वतः जिना चढून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या हातात जादू आहे.’

ताईंनी पाय चपलांत सरकवले. कौतुक ऐकताना अनवाणी बसणं त्यांना बरं वाटेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. तिशी ओलांडलेली, पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला. काखेत फाइल, हातात मोबाइल. आत यावं की नाही, असं घुटमळत होती.

‘तारखेचं खालच्या मजल्यावर,’ आकडेवाला म्हणाला.

‘खाली गेले होते. त्यांनी वर पाठवलं.’ ती ताईंकडे वळली. ‘मॅडम, माझे सासरे पॅरालिसिसचे आहेत. आमच्याकडे नर्सबाई येतात. तो मेसेज आला ना, पूर्तता करा म्हणून, तो मी पाहिलाच नव्हता. माफ करा. आता खाली बाकावर बसून भरला. हे बघा.’ तिने मोबाइल पुढे केला. ‘झालं ना? आता पुढच्या महिन्याची तारीख काढून नाही ना घेणार?’

‘तारीख? तारखेचा काय संबंध?’

‘त्याच नंबरावरून आलाय ना. तारखेचा मेसेज येतो त्याच. आमच्या ह्यांना वाटलं, नाव कापलं.’

ताईंनी तिला खुर्ची दिली. ती काठावर टेकली, जशी माणसं उठायची तयारी ठेवून बसतात तशी. ‘सासरे एकटेच आहेत?’

‘शेजारच्या काकूंना बसवून आलेय. त्यांचा गॅसवर कुकर आहे, मला निघायला हवं.’ आणि मग धीर देण्याच्या सुरात, जणू घाबरलेल्या ताईच आहेत, तिने सांगितलं, ‘काळजी करू नका, मी सगळं चांगलंच लिहिलंय. काही त्रास नाही, काही त्रास नाही, असंच. नर्सबाईंवर ठपका यायला नको.’

‘झोपेचा प्रश्न होता त्यात.’

‘हो. पुरेशी मिळते असं दाबलं.’

‘मिळते?’

बाई हसली. हसताना तिने डोळे चोळले. ‘मॅडम, त्यांना रात्री तीनदा वळवायला लागतं. ह्यांची पाळी असते कामाची. मधे एकदा मी उभ्या उभ्या झोपले, भिंतीला टेकून. मुलगी म्हणाली, आई, तू घोडा आहेस का?’ मग तिने चटकन सावरून घेतलं. ‘पण हे लिहून काय करायचं? तुम्ही म्हणाल, जमत नाही तर परत आणून टाका वॉर्डात. किंवा नर्सबाईंना रागवाल. जाऊ मी?’

ती गेली. पायऱ्यांवर दोन वेगवेगळ्या चपलांचे दोन वेगवेगळे आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिले.

ताईंनी खुर्ची आकडेवाल्याच्या टेबलाकडे ओढली. मग म्हणाल्या, ‘आठवणीनंतर आलेली उत्तरं काढ रे जरा. आणि आधीची पण.’

आकडेवाल्याने दोन्ही शेजारी मांडली. नावं त्यात नव्हती, ती वेगळी ठेवलेली असतात. इथे नुसते क्रमांक. आठवणीआधीची उत्तरं खालीवर होती. कुणाला पाठीचा त्रास, कुणाला नाही, कुणी शेवटच्या मोकळ्या चौकटीत मनातलं सगळं ओतलेलं. आठवणीनंतरच्या बहुतेक उत्तरांत पहिलाच पर्याय, वरपासून खालपर्यंत. काही त्रास नाही. काही त्रास नाही. काही त्रास नाही. मोकळी चौकट रिकामी, नाहीतर ‘सर्व उत्तम, धन्यवाद’.

‘सरळ रेघ,’ आकडेवाला हळूच म्हणाला. ‘आणि वेळ बघा ताई. दहा मिनिटांचं काम दीड मिनिटात. प्रश्न वाचलेच नाहीत यांनी. मी काल पाहिलं होतं, पण मला वाटलं...’

‘काय वाटलं?’

‘मॅडम इतक्या खूश होत्या.’

ताईंनी कपाळ तळहातावर टेकवलं. घाबरून दिलेली उत्तरं सांगत होती, की घरोघरी सगळं छान चाललंय. हेच व्यवस्थापनापुढे गेलं तर नर्सच्या भेटी बंद. ज्या बाईने भिंतीला टेकून झोप काढली होती तिनेच आपल्या हाताने भेटी बंद करायचा कौल दिला होता. आणि तो तिच्याकडून घेतला होता ताईंनी, एका ओळीत.

मॅडमच्या खोलीत जाताना ताईंनी काही वाक्यं जुळवली होती. आत गेल्यावर ती सगळी पळाली.

‘मॅडम, माझ्याकडून घाण झालीय.’

त्यांनी सगळं सांगितलं. मंजूर मजकूर गाळला हेही, आणि का गाळला हेही. मॅडमनी मधे अडवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

‘आकडा वर आलाय, ताई. आता स्वतःच्या हाताने खाली पाडायचा?’

‘तो आकडा खोटा आहे.’

‘सगळाच नसेल.’

‘सगळा नसेल. पण खरा कुठला आणि खोटा कुठला, हे आता कोण सांगणार?’

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘जोर लावा असं मीच म्हटलं होतं ना?’

‘तुम्ही जोर लावा म्हणालात. मी मानगूट धरली.’ ताईंचा आवाज थकलेला होता. ‘गोळ्यांच्या वेळी ते बरोबर होतं हो. गोळी माणसाच्या भल्याची असते, तो ओरडला तरी गिळवायची. हे प्रश्न आपल्या भल्याचे आहेत. त्यासाठी कुणाचा दरवाजा ठोठावायचा, तोही एवढ्या जोराने?’

‘आपल्याच कशाला, त्यांच्याही भल्याचे आहेत.’

‘असतील. पण ते त्यांनी ठरवायचं.’

मॅडमनी फोन उचलला आणि नीतिसमितीच्या अध्यक्षांना लावला. मंजूर मजकूर न कळवता बदलला गेला, हे लपवायचं नसतं, लगेच सांगायचं असतं. अध्यक्ष निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी आधी पाहणीचे सगळे मेसेज थांबवायला सांगितलं. मग म्हणाल्या, ‘पहिल्यांदा चूक दुरुस्त करा, आठवण नंतर. दोन्ही मजकूर मला आधी दाखवा. आणि एक सांगा, हे लिहितं कोण तुमच्याकडे? व्याकरण चांगलं आहे, पण वाचताना छडी दिसते.’

मॅडमनी ते वाक्य ताईंना पुढे सांगितलं नाही. पण फोनचा आवाज मोठा होता.

दुरुस्तीचा मेसेज त्याच दिवशी तयार झाला. त्याला फार डोकं लागलं नाही. ‘मागच्या मेसेजाची भाषा आमची चूक होती. पाहणीचं उत्तर द्या किंवा देऊ नका, रुग्णाची तारीख, औषध, नर्सची भेट यांत काहीही बदलणार नाही. दिलेलं उत्तर बदलायचं किंवा काढून टाकायचं असेल तर त्याच दुव्यावर करता येईल.’ मेसेजचे तुकडे का होतात, हेही आकडेवाल्याने शोधून काढलं. लांब मेसेज जोडून पाठवायची सोय मशीनमध्ये मुळातच होती. कुणीतरी कधीतरी ती बंद करून ठेवलेली.

‘म्हणजे मी वाक्यं गाळली त्याची गरजच नव्हती?’ ताईंनी विचारलं.

‘नव्हती, ताई.’

‘तू मला हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं.’

खरी अडचण होती दुसऱ्या मजकुराची. उत्तर तर हवं होतं. अर्ध्याच्या वर जायला हवं होतं, तेही खऱ्या उत्तरांनी. आणि आता आणखी एकदाच विचारायची मुभा होती. त्यानंतर पुन्हा विचारायचं नाही, असं पाहणीच्या सुरुवातीलाच लिहून दिलेलं.

ताई कागद घरी घेऊन गेल्या. घरी त्यांचे यजमान. शाळेची बस चालवण्यात त्यांची हयात गेली, आता स्वयंपाकघर चालवत होते. मागच्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ सात महिने याच घरात अंथरुणावर होता, त्याचं सगळं त्यांनीच केलं. भाऊ गेला त्यानंतर त्यांनी त्या खोलीत इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं, पण इस्त्री ते बाहेरच करायचे.

‘अहो, हे ऐका. आणि काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’

‘परीक्षा आहे का?’

‘आहे. माझी.’

ताईंनी वाचलं. ‘आपण अद्याप...’ तिथेच यजमानांनी हात वर केला. ‘थांब. हे पाणीपट्टीवाल्यांचं आहे.’

‘कशावरून?’

‘अगं, अद्याप म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. अद्याप म्हणतं ते ऑफिस. घरात म्हणतेस का तू मला, आपण अद्याप भांडी घासलेली नाहीत?’

‘म्हणायला हवं होतं,’ ताई म्हणाल्या आणि तो शब्द खोडला. ‘पुढे. सहभाग ऐच्छिक आहे.’

‘म्हणजे शाळेत असतो तो विषय. चित्रकला नाहीतर शिवण.’

‘म्हणजे तुमची इच्छा असेल तर!’

‘मग तसं लिही ना. इच्छा असेल तर. आणि नसेल तर काय, ते पण लिही. तिथेच तर माणूस घाबरतो.’

ताईंनी लिहिलं. पुन्हा वाचून दाखवलं. यजमान भांडं पुसत विचार करत राहिले.

‘आता नाही भरलं तरी चालतं हे कळलं. चांगलं आहे. पण मग भरू कशाला?’

ताईंनी पेन टेबलावर टाकलं. ‘दोन्ही बाजूंनी तुम्हीच बोला.’

‘रागावू नको. दादा होता तेव्हा माझ्या मोबाइलवर किती मेसेज यायचे. अर्धे काहीतरी मागणारे, अर्धे काहीतरी फुकट देणारे. मला दोघांचीही भीती वाटायची.’ त्यांनी भांडं खाली ठेवलं. ‘पण कुणी विचारलं असतं ना, की जड जातंय का? आणि जड जातंय असं सांगितलं तरी चालेल, त्यात तुमचा कमीपणा नाही... तर मी सांगितलं असतं. कागद पुरला नसता.’

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या सात महिन्यांत त्या रोज तिसऱ्या मजल्यावर बसून जगाला प्रश्न विचारत होत्या. हा एक प्रश्न त्यांनी घरात विचारला नव्हता. त्यांना आत्ता विचारावासा वाटला, पण यजमान नळाकडे वळले होते आणि नळ मोठा सोडला होता.

समितीने जो मजकूर मंजूर केला तो असा होता.

‘नमस्कार. घरी रुग्णाला सांभाळणाऱ्यांसाठी काही प्रश्न आम्ही पाठवले होते. तुम्ही उत्तर दिलं असेल तर आभार, हा मेसेज सोडून द्या. दिलं नसेल आणि इच्छा असेल तर खालच्या दुव्यावर साधारण दहा मिनिटं लागतील; अर्धं सोडून नंतर पुरं केलं तरी चालतं. सांभाळणं जड जातं की नाही, ते जसं असेल तसं सांगा. नर्सच्या भेटी चालू ठेवायच्या का, ते ठरवताना ही उत्तरं पाहिली जातील. तुमचं नाव कुणाला दिसणार नाही. उत्तर दिलं नाही तरी तारीख, औषध, भेट तशीच राहील. यानंतर आम्ही पुन्हा विचारणार नाही. मेसेज नकोच असतील तर नको एवढंच लिहून पाठवा. फोनवर सांगायचं असेल तर कळवा, तुमच्या सोयीने आम्ही फोन करू.’

‘यानंतर पुन्हा विचारणार नाही’ या वाक्यावरून खोलीत वाद झाला होता. आकडेवाल्याचं म्हणणं, त्याऐवजी ‘शेवटची संधी’ लिहू, लोक पटकन भरतात. ताई म्हणाल्या, ‘शेवटची संधी म्हटलं की पुन्हा माणूस जिना चढून येईल, काखेत फाइल घेऊन.’ मग त्याने तो हट्ट सोडला. या वेळी मेसेज वेगळ्या नंबरावरून गेला, आणि तो नंबर ताईंच्या टेबलावरच्या फोनचा होता.

फोन वाजायला लागला. ताईंचा कान दुपारपर्यंत लाल व्हायचा. एकाने विचारलं, हे खरंच हॉस्पिटल आहे ना, की पैसे काढणारे? ताईंनी सांगितलं, ‘हॉस्पिटलच्या नेहमीच्या नंबरला फोन करून खात्री करा, मी कुठे जात नाही.’ एका म्हाताऱ्या बाईंनी सगळे प्रश्न फोनवर सोडवले आणि शेवटी ताईंनाच विचारलं, ‘तुझी पाठ कशी आहे गं?’ एकाने नुसतं ‘नको’ लिहिलं, त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं. आकडेवाल्याने त्याचा नंबर काढून टाकला. ताई म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलं त्याने. एका माणसाला तरी आपला त्रास कमी झाला.’

उत्तरं या वेळी पावसासारखी आली नाहीत. गळक्या नळासारखी आली. ज्यांनी सरळ रेघ ओढली होती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी परत येऊन उत्तर बदललं. झोपेपुढचा पहिला पर्याय जाऊन शेवटचा आला. मोकळ्या चौकटी भरल्या. एका चौकटीत लिहिलेलं होतं, ‘आधी घाबरून लिहिलं होतं. आता खरं लिहिते. मला झोप हवी आहे.’ ते कुणाचं, हे क्रमांकावरून शोधता आलं असतं. पण तशी पाहायची परवानगी नाही, आणि ताईंनी पाहिलं नाही. तरी ते वाक्य वाचल्यावर त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रुग्णवाहिका मागे घेत होते.

महिनाअखेरीला खऱ्या उत्तरांनी अर्ध्याची रेघ जेमतेम ओलांडली. मॅडमनी अहवालात सगळं लिहिलं, चुकीचा मेसेजही. निष्कर्ष दोनदा काढून दाखवले. एकदा शंकेची उत्तरं धरून, एकदा वगळून. वगळून पाहिलं तर दहांतल्या सात घरांना सांभाळणं फार जड जात होतं. धरून पाहिलं तर पाच. व्यवस्थापनाची बैठक लांबली. शेवटी मॅडम आल्या, दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या, ‘भेटी आणखी एक वर्ष. दोन्ही नर्सेस. पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं.’

‘पुन्हा मी?’

‘मग दुसरं कोण, ताई?’

आकडेवाला चहा आणायला धावला. ताईंना आनंद झाला होता, नाही असं नाही, पण तो पायांपर्यंत पोचला नव्हता. पाय तसेच ठणकत होते. त्यांनी चपला काढल्या आणि मेजावरचा शेवटचा तक्ता जवळ ओढला. त्यात एक गट वेगळा काढलेला होता, फार मोठा नाही. यांनी भीतीच्या त्या दोन दिवसांत सगळीकडे ‘काही त्रास नाही’ दाबलं होतं. मग दुरुस्तीचा मेसेज त्यांना पोचला होता, त्यानंतर त्यांनी दुवा उघडलाही होता. नंतरची आठवण मात्र त्यांना गेलीच नव्हती, कारण यादीच्या लेखी त्यांनी उत्तर दिलेलं होतं. आणि त्यांनी आपलं उत्तर तसंच ठेवलं होतं.

चहा आला तरी ताई तिथेच बोट ठेवून बसल्या होत्या.

‘यांचं काय असेल रे?’ त्या म्हणाल्या.

‘काय म्हणजे?’

‘आपण चूक कबूल केली. काही बिघडणार नाही असं सांगितलं. बदलायला दार उघडं ठेवलं. तरी यांनी काही बदललं नाही. यांच्या घरी खरंच काही त्रास नाही, की आपल्यावरचा एकदा उडालेला विश्वास परत बसलाच नाही?’